पावणेबाराला आलेली सुरमई

माल उशिरा आला, खराब निघाला आणि दिवस वाया गेला की हॉटेलचा मालक किंवा मॅनेजर रात्री गल्ला मोजून झाल्यावर पुरवठादाराला ईमेल लिहायला बसतो. दिवसभराचा वैताग त्यात उतरतो. ‘तुमच्यामुळे आमचे गिऱ्हाईक परत गेले’, ‘हे दर वेळचे झाले आहे’, ‘आमचे नुकसान कोण भरून देणार?’ अशी वाक्ये त्यात असतात. मात्र किती किलो, किती वाजता, किती रुपये, यातले काहीच नसते. अशा ईमेलला ठरलेले उत्तर येते: ‘पुढच्या वेळी काळजी घेऊ. बघू, पुढच्या बिलात काहीतरी वळते करतो.’ महिनाअखेरीस खाते जुळवताना ते ‘काहीतरी’ कोणालाच आठवत नाही.

अशा ईमेलमधून पैसे परत मिळणार की नाही, हे तो लिहिण्याच्या बरेच आधी, माल दारात उतरतो त्या पंधरा-वीस मिनिटांत ठरून जाते. ईमेल फक्त त्या मिनिटांची नोंद पुढे पाठवतो. त्या मिनिटांत काय करायचे आणि नंतर काय लिहायचे, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण रचलेले आहे आणि त्यातले दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रसंग मात्र मासळीच्या धंद्यातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

पुण्यातले साठ आसनांचे मालवणी पद्धतीचे हॉटेल. मार्गशीर्ष संपल्यानंतरचा पहिला रविवार, 21 डिसेंबर. महिनाभर मासे वर्ज्य करणारी घरे या दिवशी जेवायला बाहेर पडतात, म्हणून ऑर्डर नेहमीपेक्षा मोठी आहे: पापलेट 8 किलो, सुरमई 12 किलो आणि कोळंबी 10 किलो. माल रत्नागिरीहून रात्री निघणार, कुंभार्ली घाट चढून कराड, सातारामार्गे पुण्यात येणार. शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतानाच मॅनेजरने लिहिले आहे: ‘पुण्यात हॉटेलवर पोच, रविवारी सकाळी साडेसहा, उशिरात उशिरा साडेसात. दुपारच्या जेवणाला हाच माल लागणार आहे.’ पुरवठादाराने उत्तर दिले आहे: ‘ओके.’

टेम्पो आला पावणेबाराला.

हॉटेल बारा वाजता उघडते. सुरमईचे तुकडे पाडून त्यांना आगळ, हळद, मीठ लावून मुरत ठेवायचे, कोळंबी सोलून तिचा दोरा काढायचा, ही कामे सकाळी साडेसातला सुरू झाली तरच दुपारचे ताट वेळेवर लागते. म्हणजे पावणेबाराला आलेला मासा ताजा असता तरी दुपारच्या पहिल्या पंगतीसाठी त्याचा उपयोग नव्हता. आणि तो ताजा आहे का, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

मासळीत उशीर आणि खराबी या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. थर्माकोलच्या पेटीत मासे आणि बर्फ थराथराने भरतात. लांबच्या प्रवासाला मासळीच्या वजनाइतकाच बर्फ घालण्याची रीत आहे. पेटीत बर्फ शिल्लक आहे तोवर आतले तापमान शून्याच्या आसपास राहते, मग पेटीत थोडे पाणी साचले तरी बिघडत नाही. बर्फ संपला की मासा झपाट्याने तापू लागतो. रात्रीच्या प्रवासापुरता घातलेला बर्फ घाटातल्या कोंडीत आणि सकाळच्या उन्हात उभ्या टेम्पोत पुरत नाही. वरच्या थरातल्या आणि दाराजवळच्या पेट्या आधी तापतात, तळाच्या टिकतात. त्यामुळे एकाच टेम्पोतल्या दोन पेट्यांची अवस्था अगदी वेगळी असू शकते.

पापलेट तापले तर ते नासते, आणि नासल्याचे नाकाला व डोळ्यांना कळते. कल्ल्यांचा लाल रंग तपकिरी पडतो, डोळे आत जातात, बोट दाबले की खड्डा तसाच राहतो. कोळंबीचे डोके काळवंडते आणि धडापासून सैल होते. सुरमईचे मात्र आणखी एक दुखणे आहे. सुरमई, बांगडा आणि ट्यूना एकाच कुळातले मासे. यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा बर्फाबाहेर तापला की त्यावरचे जिवाणू या हिस्टिडीनचे हिस्टामाइन करतात. असा मासा खाल्ला तर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, डोके दुखते, मळमळते. हिस्टामाइन उष्णतेला दाद देत नाही. मासा कडकडीत तळला किंवा रश्श्यात उकळला तरी ते तसेच राहते, पुन्हा बर्फात ठेवले तरी कमी होत नाही. आणि हिस्टामाइन पुरेसे साठलेला मासा दिसायला व वासाला बऱ्यापैकी चांगला असू शकतो.

म्हणून ‘वास तर येत नाही ना, मग घ्या की’ हा टेम्पोवाल्याचा युक्तिवाद सुरमईला लागू पडत नाही. इथे साक्ष देऊ शकतो तो थर्मामीटर. अन्नात खुपसायचे सुईचे थर्मामीटर काही शे रुपयांत मिळते. बर्फाच्या पाण्यात बुडवून ते शून्य दाखवते का, हे आधी बघून घ्यायचे. मग माशाच्या सगळ्यात जाड भागात, कण्याजवळ, सुई घालायची आणि आकडा स्थिर झाला की फोटो घ्यायचा. थंड ठेवायचे अन्न पाच अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावे, ही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतली मर्यादा आहे. स्वयंपाकघराची तपासणी होते तीही याच आकड्यावर.

आपल्या उदाहरणात सुरमईच्या पेट्या वर होत्या. त्यातला बर्फ पूर्ण वितळलेला, माशाचे तापमान 12 अंश. कोळंबीच्या पाच-पाच किलोच्या दोन पेट्या होत्या. एकीत 4 अंश आणि बर्फ शिल्लक, दुसरीत 11 अंश आणि डोकी काळी. पापलेट तळाला होते, 3 अंश, कल्ले लाल.

आता दारातली ती पंधरा मिनिटे.

टेम्पोवाला घाईत असतो, त्याला पुढे आणखी दोन हॉटेले करायची असतात. तो चलन पुढे करतो आणि ‘सही द्या’ म्हणतो. स्वयंपाकघरात बाराच्या पंगतीची धावपळ असते. कोणीतरी पोऱ्या सही करतो आणि पेट्या आत जातात. कोरी सही झालेले ते चलन सांगते की माल पोचला आणि घेतला. संध्याकाळी मॅनेजर कितीही तळमळून लिहो, पुरवठादाराकडे हा कागद असतो.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या 55 व्या कलमात उशिराबद्दल एक नेमकी गोष्ट सांगितली आहे आणि ती हॉटेलवाल्यांना क्वचितच ठाऊक असते. ज्या व्यवहारात वेळ हा मुख्य भाग आहे, तिथे समोरच्याने वेळ पाळली नाही तर करार मोडण्याचा हक्क आपल्याला मिळतो. पण तसे न करता आपण उशिरा आलेली गोष्ट स्वीकारली, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. याला एकच अपवाद आहे: स्वीकारतानाच, त्याच वेळी, आपण भरपाई मागणार असल्याची सूचना समोरच्याला दिलेली असली पाहिजे. रात्रीचा ईमेल ही ‘त्याच वेळची’ सूचना होत नाही. पेटी आत घेताना पाठवलेला दोन ओळींचा संदेश होतो.

मॅनेजरने नेमके तेच केले. चलनावर स्वतःच्या हाताने लिहिले: ‘पोच 11.45. ठरलेली वेळ 7.30 पर्यंत. सुरमई 12 किलो (12 अंश) व कोळंबी एक पेटी 5 किलो (11 अंश) नाकारली, टेम्पोत परत. पापलेट 8 किलो व कोळंबी 5 किलो उशिराबद्दलचा हक्क राखून घेतली.’ खाली स्वतःची सही केली, टेम्पोवाल्याची सही घेतली आणि चलनाचा फोटो काढून पाच मिनिटांत पुरवठादाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. टेम्पोवाल्याने सही करायला नकार दिला असता तर ‘वाहनचालकाने सही नाकारली’ एवढे लिहून फोटो पाठवला तरी चालले असते. संदेशाला वेळ आपोआप लागते, तीच त्याची मोठी किंमत.

नाकारलेल्या मालाचे काय करायचे, यावरून पुष्कळ दावे पडतात. 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे नाकारलेला माल परत पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नसते. नाकारल्याचे कळवले की पुरते. पण तोच कायदा असेही सांगतो की माल आपल्या मालकीचा असल्यासारखे वागलात तर तो स्वीकारल्यासारखा धरला जातो. न कळवता बराच काळ ठेवून घेतला तरीही तसेच. म्हणजे सकाळी ‘सुरमई नाकारली’ म्हणायचे आणि संध्याकाळी तिच्यातली चार किलो बरी दिसते म्हणून कढीत टाकायची, हे चालत नाही. तसे केले की पूर्ण रकमेचा दावा संपतो. गिऱ्हाइकाच्या ताटात 12 अंशांवरची सुरमई गेली ही गोष्ट तर वेगळीच, आणि तिची जबाबदारी हॉटेलच्या परवान्यावर येते. नाकारलेला माल टेम्पोत परत पाठवावा. ते शक्य नसेल तर वेगळा ठेवून त्यावर ‘नाकारलेला’ अशी चिठ्ठी लावावी आणि नेता की टाकून देऊ, हे पुरवठादाराला लेखी विचारावे.

हे सगळे हाताशी असले की ईमेल लिहायला फार वेळ लागत नाही. दुपारची गर्दी ओसरल्यावर, चारच्या सुमारास, मॅनेजरने लिहिलेला ईमेल असा:

विषय: बिल क्र. 412, रविवार 21 डिसेंबर – माल सव्वाचार तास उशिरा, 15,900 रुपयांच्या क्रेडिट नोटची विनंती

नमस्कार भाई,

आजच्या मालाबद्दल लिहीत आहे. शुक्रवारच्या ऑर्डरप्रमाणे माल सकाळी साडेसहाला, उशिरात उशिरा साडेसातला हॉटेलवर पोचायचा होता. तो 11.45 ला पोचला. आठ वाजता फोन केला तेव्हा टेम्पो खंबाटकीत अडकल्याचे कळले. माल साडेनऊपर्यंत आला नाही तर दुपारपुरती सुरमई इथल्या बाजारातून घेऊ आणि दरातला फरक तुमच्या खात्यावर धरू, असे 8.45 ला तुम्हाला कळवले होते.

माल उतरवताना मोजलेली तापमाने अशी: सुरमई 12 अंश, कोळंबीची एक पेटी 11 अंश, दुसरी 4 अंश, पापलेट 3 अंश. सुरमईच्या पेट्यांत बर्फ उरला नव्हता. सुरमई सगळी आणि कोळंबीची एक पेटी नाकारून त्याच टेम्पोने परत पाठवली आहे. बाकीचा माल घेतला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

हिशेब असा:
सुरमई 12 किलो, दर 900 – 10,800 रुपये
कोळंबी 5 किलो, दर 550 – 2,750 रुपये
वाहतूक व बर्फ – 600 रुपये
गणेश पेठेतून घेतलेली सुरमई 7 किलो, दर 1,150. फरक किलोमागे 250 – 1,750 रुपये
एकूण – 15,900 रुपये

बिल 25,700 रुपयांचे आहे. ही रक्कम वजा जाता 9,800 रुपये देणे राहते, ते नेहमीप्रमाणे येत्या शनिवारी पाठवतो. 15,900 रुपयांची क्रेडिट नोट शुक्रवार, 26 तारखेपर्यंत पाठवावी ही विनंती. एखादा आकडा मान्य नसेल तर तोही शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे शनिवारच्या आत बोलून घेता येईल.

पुढच्या रविवारची ऑर्डर नेहमीप्रमाणे आहे. वाटेत एक तासापेक्षा जास्त उशीर होतोय असे दिसले की चालकाने लगेच फोन करावा आणि सुरमईच्या पेट्या तळाला ठेवाव्यात, एवढे कराल का?

सोबत: शुक्रवारची ऑर्डर, चलन, थर्मामीटरचे चार फोटो, गणेश पेठेतल्या खरेदीची पावती, सकाळचे संदेश.

एवढाच ईमेल. यात राग दाखवणारे एकही विशेषण नाही, आणि ‘पुन्हा असे झाले तर’ अशी धमकीही नाही. पहिल्या ओळीतच कोणते बिल आणि किती रक्कम ते कळते, त्यामुळे पुरवठादाराच्या मुनिमाला तो उघडून शोधाशोध करावी लागत नाही. रत्नागिरीत बसलेल्या माणसाने पुण्यातल्या पेट्या पाहिलेल्या नाहीत. टेम्पोवाल्याने त्याला ‘थोडासा उशीर झाला, पार्टी उगाच कटकट करतेय’ एवढेच सांगितलेले असणार. फोटो आणि आकडे त्याच्यापर्यंत ती पेटी पोचवतात. ‘बाकीच्या मालाबद्दल तक्रार नाही’ हे वाक्यही महत्त्वाचे आहे. जे चांगले आले ते चांगले म्हटल्यामुळे जे वाईट म्हटले आहे त्यावर विश्वास बसतो.

ईमेलमध्ये काय मागितलेले नाही, हेही पाहायला हवे. दुपारी सुरमई थाळी लवकर संपली, काही कुटुंबे दारातून परत गेली. त्या बुडालेल्या विक्रीचा एक रुपयाही हिशेबात धरलेला नाही. असे का, याचे उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या खटल्यात आहे. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा मुख्य दांडा मोडला. नवा घडवण्यासाठी जुना नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवायचा होता. वाहतूकदाराने तो पोचवायला दिरंगाई केली आणि गिरणी तेवढे दिवस जास्त बंद राहिली. मालकाने बुडालेला नफा मागितला. 1854 साली न्यायालयाने ठरवले की मोडलेल्या करारातून नेहमीच्या ओघात होणारे नुकसान मागता येते, किंवा करार करताना दोघांनाही ज्याची कल्पना होती ते मागता येते. दांडा उशिरा पोचला तर पूर्ण गिरणी बंद राहील, हे वाहतूकदाराला ठाऊक असल्याचे धरता येत नव्हते. हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल या नावाने ओळखला जाणारा हा निकाल आपल्या करार कायद्याच्या 73 व्या कलमात जवळजवळ तसाच उतरला आहे.

या कसोटीवर घासून पाहिले तर नाकारलेल्या मालाची किंमत निर्विवाद आहे. बाजारातून चढ्या दराने घेतलेल्या सुरमईचा फरकही मागता येतो, कारण माल वेळेवर न आल्यास खरेदीदार दुसरीकडून घेणार हे कोणालाही कळते. उलट तसे न घेता हातावर हात ठेवून बसला असता तर ‘नुकसान कमी करता येत होते, ते का केले नाही?’ हा प्रश्न त्यालाच विचारला गेला असता. 73 वे कलम तेही पाहायला सांगते. परत गेलेल्या गिऱ्हाइकांचे मात्र मोजमाप नाही. किती गेली, ती काय खाणार होती, पुन्हा येणार नाहीत कशावरून? ऑर्डरमध्ये ‘दुपारच्या जेवणाला लागणार आहे’ असे लिहिले होते, म्हणून कोणी वाद घालूही शकेल. पण सिद्ध करता न येणारा एक आकडा हिशेबात घातला की पुरवठादार त्या आकड्यावरच भांडतो आणि सिद्ध असलेले आकडेही लोंबकळत राहतात.

पुरवठादाराचीही बाजू असते आणि ती नेहमी खोटी नसते. तो पहिला प्रश्न विचारतो: टेम्पो कोणाचा? मालविक्री कायद्यात एक कलम असे आहे की ठरल्याप्रमाणे माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो खरेदीदाराच्याच हवाली केल्यासारखा धरला जातो, निदान उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे हॉटेलने स्वतः टेम्पो ठरवला असेल आणि व्यवहार ‘रत्नागिरीत ताबा’ असा असेल, तर घाटातल्या चार तासांचा भार हॉटेलवर येऊ शकतो आणि भांडण पुरवठादाराशी नव्हे, टेम्पोवाल्याशी होते. ‘पुण्यात हॉटेलवर पोच’ हे ऑर्डरमधले तीन शब्द म्हणून मोलाचे ठरतात. दुसरा प्रश्न असतो वेळेचा. ऑर्डरमध्ये नुसते ‘रविवारी सकाळी’ लिहिले असते, तर पावणेबारालाही सकाळच म्हणता आली असती. तिसरा प्रश्न, वाहतूक कोंडीचा. खंबाटकीत कोंडी होते हे या रस्त्याने रोज माल नेणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे ती अचानक कोसळलेली आपत्ती म्हणता येत नाही. दरड कोसळून घाटच बंद झाला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा दोघांनी तोटा वाटून घेण्याची तयारी ठेवलेली बरी.

वाहतूक आणि बर्फाचे 600 रुपये हा या ईमेलमधला सगळ्यात वादाचा आकडा आहे. अर्धा माल स्वीकारला तर अर्धे भाडे द्यावे, असे पुरवठादार म्हणू शकतो आणि त्यात तथ्य आहे. शुक्रवारी फोनवर बोलताना 300 रुपयांवर तडजोड झाली, तर ती ईमेलच्या उत्तरात लिहून घ्यावी आणि क्रेडिट नोट 15,600 ची यावी. हिशेब बाबवार मांडल्याचा फायदा इथे दिसतो. एक बाब सुटते, बाकीच्या तशाच राहतात.

आता क्रेडिट नोटच का, पैसे सरळ कापून का घेऊ नयेत? आपणहून कापले तर पुरवठादाराच्या वहीत 25,700 येणे राहते आणि हॉटेलच्या वहीत 9,800 देणे. दोन-चार महिन्यांत असे तीन-चार फरक साठले की दोन्ही वह्या जुळेनाशा होतात, आणि मग ‘तुमच्याकडे इतकी बाकी आहे’ म्हणून माल अडतो. क्रेडिट नोट हा पुरवठादाराने स्वतः दिलेला कागद असतो. त्या बिलातले इतके पैसे तुम्ही देणे लागत नाही, हे तो त्यात मान्य करतो. पुढच्या बिलात ‘वळते करण्याचा’ तोंडी शब्द आणि हा कागद यात एवढा फरक आहे.

ताज्या, बर्फात ठेवलेल्या मासळीवर जीएसटी नाही, म्हणून आपल्या उदाहरणात कराची गुंतागुंत नाही. कर लागणारा माल असेल तर जीएसटी कायद्याच्या 34 व्या कलमाखाली क्रेडिट नोट मूळ बिलाचा क्रमांक घालून निघते आणि तेवढा कर पुरवठादाराला कमी भरावा लागतो. त्याला मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा 30 नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याचा दिवस, यांतला आधीचा. पाच टक्के दराने कर भरणाऱ्या साध्या रेस्टॉरंटला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे बिलात भरलेला कर हा त्याचा खराखुरा खर्च असतो. अशा हॉटेलने क्रेडिट मागताना मालाच्या किमतीबरोबर तिच्यावरचा करही मागायला हवा. पुष्कळ ईमेलमध्ये नेमका तोच राहून जातो.

पुरवठादार मासळीचा व्यापारी नसून पनीर, पाव किंवा मिठाई स्वतः बनवणारा नोंदणीकृत लघुउद्योजक असेल, तर आणखी एक घड्याळ चालू असते. 2006 च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी आक्षेप घेतला नाही तर माल स्वीकारला असे धरतात. मग माल पोचल्यापासून ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, पैसे द्यावे लागतात. दिले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ‘लेखी’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण फोनवर केलेली कटकट आक्षेपात मोजली जात नाही.

आणि पुरवठादाराने ईमेलला उत्तरच दिले नाही तर? ग्राहक आयोगाचा रस्ता हॉटेलला बहुधा बंद असतो, कारण धंद्यासाठी, पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार त्या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. दिवाणी दावा लावता येतो, पण 15,900 रुपयांसाठी वकिलाची फी आणि तारखा कोणाला परवडणार? हॉटेलच्या हातातला खरा जोर असतो तो न दिलेल्या बिलाचा आणि पुढच्या ऑर्डरचा. म्हणून वाद असलेली रक्कमच रोखावी आणि वाद नसलेले 9,800 रुपये शब्द दिल्याप्रमाणे शनिवारी पाठवावेत. सगळेच पैसे अडवून ठेवणारा खरेदीदार स्वतःच चुकीच्या बाजूला जातो, आणि रत्नागिरीच्या धक्क्यावर ती बातमी दुसऱ्या दिवशी पोचते.

मासळीचा धंदा शब्दावर चालतो, वर्षानुवर्षांच्या ओळखीवर चालतो, आणि दारात थर्मामीटर काढणे अनेकांना अविश्वास दाखवण्यासारखे वाटते. अनुभवी पुरवठादार मात्र याचा राग मानत नाही. कोणती पेटी तापली हे त्याला कळले तर तो पुढच्या वेळी बर्फ वाढवू शकतो, पेट्यांची रचना बदलू शकतो, टेम्पोवाल्याला जाब विचारू शकतो. नुसता ‘माल खराब होता’ हा निरोप त्याच्या काहीच कामाचा नसतो.

ज्यांच्या हॉटेलात, खानावळीत किंवा केटरिंगच्या कामात रोज मासळी, मटण, दूध किंवा पनीर येते, त्यांनी तीन गोष्टी आजच कराव्यात. ऑर्डरच्या संदेशात पोचण्याची जागा आणि शेवटची वेळ लिहावी. मागच्या दाराजवळ थर्मामीटर आणि पेन दोरीला बांधून ठेवावे. आणि वेळ व तापमान लिहिल्याशिवाय चलनावर सही करायची नाही, हे माल उतरवून घेणाऱ्या प्रत्येक हाताला, अगदी नव्याने कामाला लागलेल्या पोऱ्यालाही, शिकवावे.